फुकट ‘फुल बॉडी चेकअप’ आणि एकवीस हजारांची खाज

अंगभर खाज सुटते पण अंगावर काहीच दिसत नाही, असा त्रास तुमच्या घरात कुणाला असेल आणि सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी ‘फुकट फुल बॉडी चेकअप’चा बॅनर लागला असेल, तर आत जाण्याआधी हे वाचा. माझी मोठी बहीण ऐरोलीला राहते. वय ५१. तिचे एकवीस हजार रुपये आणि अख्खा पावसाळा अशाच एका शिबिरात गेला. सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण हाच धंदा वेगवेगळ्या नावांनी चालतो.

ताईची खाज दिवसा सोसण्यासारखी, रात्री दिवे मालवले की असह्य. सुरुवात तळहात आणि तळपायांपासून झाली, मग सगळं अंग. पुरळ नाही, गांधी नाहीत, चट्टा नाही. साबण बदलला, खोबरेल लावलं, मेडिकलवाल्याने दिलेल्या ॲलर्जीच्या गोळ्या घेतल्या. गोळीने झोप यायची, खाज जात नव्हती. अशा वेळी शिबिर आलं.

टेबलावर एक लॅपटॉप, त्याला जोडलेली एक छोटी डबी आणि वायरच्या टोकाला धातूची कांडी. नाव, वय, उंची, वजन, स्त्री की पुरुष हे टाइप करायचं, कांडी मुठीत धरायची, मिनिटभरात प्रिंटरमधून जाडजूड रिपोर्ट. रक्त नाही, लघवी नाही. हृदय, किडनी, लिव्हर, थायरॉईड, हाडं, सगळ्यांचे आकडे. ताईच्या पहिल्या रिपोर्टात प्रोस्टेटचंही पान होतं. मुलाने घाईत ‘पुरुष’वर क्लिक केलं होतं. त्याने सॉरी म्हणून दुसरी प्रिंट काढली, त्यात ते पान जाऊन गर्भाशयाचं आलं. कांडी तिने दुसऱ्यांदा हातात धरलीच नव्हती! हे ती आम्हाला हसत हसत सांगत होती, पण त्या दिवशी हॉलमध्ये कुणाच्याच डोक्यात प्रकाश पडला नाही.

रिपोर्टात लिव्हर ‘थोडे बिघडलेले’, किडनी ‘थोडी बिघडलेली’, थायरॉईडही तसाच, लोह कमी, शिवाय ‘शरीरात विषारी द्रव्ये’. मग गोड बोलणाऱ्या बाई आल्या. “ताई, खाज ही आतून येतेय. रक्तात साठलेली घाण बाहेर पडायला वाट शोधतेय.” पॅकेज तयार होतं: पायांच्या डिटॉक्सची बारा सिटिंग, सोबत तीन महिन्यांची पावडर. पैसे यूपीआयने एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर गेले. पावती म्हणून रबरी शिक्का मारलेला कागद मिळाला. त्यावर जीएसटी नंबर नाही, औषधाचं नाव नाही, डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर नाही.

पायांचा डिटॉक्स म्हणजे कोमट पाण्याचा टब, त्यात मूठभर मीठ, आणि पाय ठेवल्यावर मध्ये एक कॉइल. थोड्या वेळात पाणी पिवळट, मग तांबडं-तपकिरी होतं, वर फेस आणि काळे कण. भिंतीवर तक्ता: तपकिरी म्हणजे लिव्हरची घाण, नारिंगी म्हणजे सांध्यांची. ताईने मला फोटो पाठवला, “बघ किती निघालं!” मी रबाळ्याला प्लेटिंगच्या कारखान्यात आयुष्य काढलंय. फोटो पाहताच कळलं की हा टाकीतला गाळ आहे. मिठाच्या पाण्यात दोन लोखंडी तुकडे ठेवून करंट सोडला की लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. मीठ जास्त तर रंग गडद, कमी तर फिका. भाऊजींना मी कारखान्यात नेलं. बादलीत मीठ, लोखंडाच्या दोन पट्ट्या, रेक्टिफायरवर बारा व्होल्ट. चहा येईपर्यंत पाणी तसंच झालं, फेसासकट. बादलीत पाय कुणाचाच नव्हता. (घरी करू नका, मिठाच्या पाण्यात क्लोरीनही सुटतो.)

सेंटरवर जाऊन मी म्हटलं, “एक टब पाय न घालता चालू करून दाखवा.” मुलगी म्हणाली, “सर, मशीन तसं चालत नाही, खराब होतं.” आणि ताईला सिटिंगनंतर बरं वाटतं त्याचं काय, असंही तिने ऐकवलं. त्याचं उत्तर मला पुढे डॉक्टरांकडून मिळालं: या प्रकारची खाज आपली आपण कमीजास्त होत राहते. जो आठवडा बरा जाईल त्याचं श्रेय टबाला मिळतं.

भाऊजींनी शेवटी ठाण्याला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी आधी बोटांच्या बेचक्या आणि मनगटं पाहिली, घरात आणखी कुणाला खाज आहे का विचारलं, म्हणजे खरूज नाही ना ते. मग ताईला पाठ दाखवायला सांगितली. दंडांवर, मांड्यांवर, कमरेवर नखांचे ओरखडे होते. पण पाठीच्या मध्यावर, दोन खांद्यांच्या खाली जिथे स्वतःचा हात पोचत नाही, तिथली कातडी अगदी स्वच्छ. त्या म्हणाल्या, “कातडीचा आजार हात पोचतो की नाही हे बघून येत नाही. इथे काही नाही, म्हणजे बाकीच्या खुणा खाजवून झाल्यात. कारण आत शोधायचं.”

आत शोधायचं, हे शिबिरवाल्या बाईही म्हणाल्या होत्या. फरक पुढच्या पायरीत होता. डॉक्टरांनी नवीन गोळ्या-काढे, वजन घटणं, ताप, रात्रीचा घाम, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर वाढणारी खाज असं एकेक विचारलं. मग रक्त काढायला सांगितलं: हिमोग्राम, फेरिटिन, क्रिएटिनिन, टीएसएच, साखर आणि लिव्हरची पूर्ण तपासणी. किडनीची खाज बहुतेक करून किडनी बरीच गेल्यावर येते, तेव्हा क्रिएटिनिन बोलतंच. थायरॉईड जास्त चालला तर खाज येते, कमी चालला तर कातडी कोरडी पडून येते. हिमोग्लोबिन ठीक असतानाही साठ्यातलं लोह म्हणजे फेरिटिन घसरलेलं असू शकतं, म्हणून तेही. आणि पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं, तर गोळ्या देऊन थांबायचं नाही, रक्त कुठून जातंय ते बघायचं.

रिपोर्ट आला. फेरिटिन ४६, क्रिएटिनिन ०.८, टीएसएच ३.१, साखर व्यवस्थित. म्हणजे शिबिराच्या कागदावर बिघडलेली किडनी, थायरॉईड, लोह, तिन्ही ठणठणीत. बिलिरुबिन ०.९, डोळे पिवळे नाहीत, म्हणून काविळीची शंका कुणाला आली नव्हती. एसजीपीटी किंचित वर. पण अल्कलाइन फॉस्फेटेज ४१८ होतं, लॅबची वरची मर्यादा १२०. हे एन्झाइम हाडातूनही येतं, म्हणून सोबत जीजीटी हे हाडातून न येणारं लिव्हरचं एन्झाइम पाहिलं; तेही वर, म्हणजे गडबड लिव्हरच्या पित्तमार्गातच. पित्ताचा प्रवाह अडला की कावीळ दिसायच्या खूप आधी खाज सुरू होऊ शकते. ती हिस्टामिनची खाज नसते, म्हणून ॲलर्जीच्या गोळ्या तिथे फारशा चालत नाहीत.

लिव्हरच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न: “ही पावडर कशाची आहे?” डब्यावर फक्त ‘हर्बल ब्लड प्युरिफायर’. घटक नाहीत, बॅच नाही, परवाना क्रमांक नाही. वनौषधींनीही पित्त अडू शकतं, त्यामुळे आजार मुळातला की पावडरीने झालेला, हेच आधी ठरवावं लागलं. पावडर बंद करून काही आठवडे थांबून पुन्हा रक्त पाहिलं. आकडे खाली आले नाहीत. सोनोग्राफीत खडा नाही, पित्तनलिका फुगलेली नाही. मग अँटी मायटोकॉन्ड्रियल अँटीबॉडी ही तपासणी केली आणि ती ठळक पॉझिटिव्ह आली. आजाराचं नाव प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लिव्हरमधल्या बारीक पित्तनलिका हळूहळू खाते. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांत जास्त आढळतो. वाढलेलं फॉस्फेटेज आणि ही अँटीबॉडी दोन्ही असल्यामुळे बायोप्सी लागली नाही.

उपचार साधा, पण कायमचा. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड, वजनाच्या दर किलोला रोज १३ ते १५ मिलिग्रॅम. ताई ६२ किलोची, म्हणून ३०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या. ही गोळी आजार रोखते, खाजेला तिचा फारसा उपयोग होत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं. नाहीतर आम्ही पंधरा दिवसांत कंटाळून सोडली असती. खाजेसाठी कोलेस्टिरामिनची पुडी दिली, जी पाण्यात कालवून घ्यायची आणि तिच्यात व बाकीच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर ठेवायचं, कारण ती त्यांनाही शोषून घेते. ती चव ताईला अजून सहन होत नाही. खाज निम्म्यावर आली आहे, गेलेली नाही. उपचार न करता राहिलं तर काही वर्षांत लिव्हर सिरोसिसकडे जाऊ शकतो.

हे कळल्यावर सेंटरच्या बाईंनी फोनवर काय म्हणावं? “बघा, लिव्हर आम्ही आधीच सांगितलं होतं.” जो कागद प्रत्येक अवयवाला ‘थोडा बिघडलेला’ म्हणतो, तो एका अवयवाबाबत खरा ठरणारच. शेजारच्या पाटीलकाकूंचा रिपोर्ट मागून घेतला, त्यातही लिव्हर थोडं बिघडलेलं. त्याच रिपोर्टाच्या तळाशी बारीक अक्षरात इंग्रजीत छापलंय की हे निष्कर्ष केवळ माहितीसाठी, निदान म्हणून वापरू नयेत. फसवणूक ते स्वतःच लिहून देतात, फक्त चष्म्याशिवाय वाचता येत नाही.

पैशांचं सांगतो. यूपीआयचा स्क्रीनशॉट, शिक्क्याची पावती, दोन्ही प्रिंट (प्रोस्टेटवाली ताईने गंमत म्हणून जपली होती) आणि डब्याचे फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर सेंटरने न झालेल्या सिटिंगचे पैसे परत केले. पावडरीचे दिले नाहीत, ‘सील उघडलंय’ म्हणे. पावडरीचा डबा फेकलेला नाही. लेबलावर घटक आणि परवाना नसल्याची वेगळी तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे केली आहे, ती अजून चालू आहे. सोसायटीच्या कमिटीला हॉलचं भाडं मिळालं होतं. पुढच्या शिबिराच्या अर्जासोबत डॉक्टरच्या नोंदणीची प्रत मागायची, असा ठराव त्यांनी केला आहे. त्यानंतर आलेला एक अर्ज प्रत मागताच मागे घेतला गेला.