मेनूकार्डाच्या फोटोवरून पदार्थ सुचवणे: एका पर्यटन हंगामानंतरचा अनुभव

मालवण तालुक्यात आमचे निवास-न्याहारीचे घर आहे. रात्रीचे जेवण आम्ही देत नाही. पाहुणे जवळपासच्या खानावळीत जातात आणि टेबलावर बसल्याबसल्या मेनूकार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून काय मागवावे ते विचारतात. गेल्या दिवाळीपासून आम्ही ही सोय रीतसर ठेवली आहे. तिचा कस लागतो तो एकाच ठिकाणी: फोटोसोबत पथ्य, अ‍ॅलर्जी किंवा खर्चाची मर्यादा यांपैकी काहीही लिहिलेले नसते.

अशा वेळी आधी सगळे प्रश्न विचारावेत आणि मगच सुचवावे, हा मार्ग कागदावर बिनधोक वाटतो, पण प्रत्यक्षात वाढपी वही घेऊन उभा असतो आणि पाच प्रश्नांना मिळून ‘काहीही चालेल’ एवढेच उत्तर येते. हे उत्तर फोटो पाठवणाऱ्याचे असते, टेबलावरच्या सगळ्यांचे नव्हे. म्हणून मी आधी नेमकी ऑर्डर सुचवते, तिच्यात कार्डावर न दिसणारे काय आहे ते सांगते आणि शेवटी एकच प्रश्न विचारते. ऑर्डर अशी बांधायची, की उत्तर काहीही आले तरी तिचा एखादाच भाग बदलावा लागेल.

एक उदाहरण तपशिलाने सांगते. चौघांच्या कुटुंबाने सोमवारी रात्री एका खानावळीचे कार्ड पाठवले. त्यावर सुरमई थाळी 350 रुपये, कोंबडी-वडे 300, शाकाहारी थाळी 180, तिसऱ्या मसाला, म्हणजे शिंपल्यांचा मसाला, 250 असे दर होते आणि पापलेट फ्रायपुढे ‘साइजप्रमाणे’ असे छापले होते. मी कळवले: ‘सुरमई थाळी दोन, कोंबडी-वडे एक आणि शाकाहारी थाळी एक मागवा, छापील दराने 1180 रुपये होतील. तिसऱ्या मसाला सर्वांना चालत असेल तरच वरून घ्या, म्हणजे 1430 होतील. माशाच्या थाळीत वाटीतून कोळंबी किंवा तिसऱ्या येऊ शकतात, आणि आमटी, रस्सा, सोलकढी या सर्वांत नारळ असतो. कोणाला यातले काही वर्ज्य असेल तर ऑर्डर देण्याआधी सांगा.’ लगेच उत्तर आले, की आई सोमवारी मासे-मटण खात नाहीत. मग बदलण्याजोगे काही उरलेच नाही, कारण शाकाहारी थाळी आधीच धरलेली होती. त्यांच्यासाठी फक्त भाजीत सोडे किंवा सुकट अशी वाळवलेली मासळी नाही ना, एवढे वाढप्याला विचारायला सांगितले.

माझ्या मते या निरोपातला सर्वांत उपयोगी भाग वाट्यांबद्दलचा आहे. कार्डावर ‘सुरमई थाळी’ एवढेच असते, पण ताटात सुरमईची तळलेली तुकडी, माशाची आमटी, एखादे सुके आणि सोलकढी असे बरेच काही येते. आमटी त्या दिवशी स्वस्त मिळालेल्या बांगड्याची असू शकते, सुके तिसऱ्यांचे किंवा कोळंबीचे असू शकते, आणि कधी कोपऱ्यात सुकटीची चटणीही असते. सुरमई बिनदिक्कत खाणाऱ्या माणसाला कोळंबी किंवा कुर्ल्यांची अ‍ॅलर्जी असू शकते. त्याने पदार्थाचे नाव वाचून निश्चिंत होणे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच त्याने आपण होऊन काही सांगितलेले नसते. वाट्यांची नावे समोर आली की तो बोलतो. ‘तुम्हाला अ‍ॅलर्जी आहे का’ या सरळ प्रश्नाला नकार देणारी माणसेही ‘वाटीत कोळंबी येईल’ हे वाचून थांबलेली मी पाहिली आहेत.

यापुढे मात्र फोटोची मर्यादा सुरू होते. अ‍ॅलर्जी गंभीर असेल तर वाटी बाजूला ठेवून भागत नाही, कारण सुरमई आणि कोळंबी एकाच तव्यावर, त्याच तेलात तळली जाते आणि आमटीचा डावही तोच फिरतो. अशा पाहुण्यांना मी फोटोवरून कोणताच पदार्थ सुरक्षित म्हणून सांगत नाही. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीशीच बोला आणि खात्री पटली नाही तर तिथे खाऊ नका, असे स्पष्ट कळवते. शाकाहारी पानाचीही एक गंमत आहे. काजूची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ओल्या काजूची उसळ नावावरूनच कळते, पण पनीरच्या घट्ट रश्श्यात बहुधा काजूची पेस्ट असते आणि ती कार्डावर कुठेच दिसत नाही. काळ्या वाटाण्याच्या उसळीचे वाटप भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचे असते. ती शाकाहारी आहे, पण कांदा-लसूण न खाणाऱ्यांच्या कामाची नाही.

खर्चाबद्दल कोणी काही लिहीत नाही, आणि विचारलेले आवडतही नाही. त्यामुळे मी मर्यादा न विचारता छापील दर असलेल्या पदार्थांवरच ऑर्डर उभी करते आणि बेरीज निरोपातच देते. ज्यांना जास्त खर्च करायचा आहे ते स्वतःहून पापलेटकडे वळतात. ज्यांना नाही त्यांना कारण सांगावे लागत नाही. ‘साइजप्रमाणे’ असलेला मासा हवाच असेल, तर तळायला देण्याआधी तो बघा आणि त्याच माशाची किंमत विचारून घ्या, एवढे मी जोडते. हे न विचारल्यामुळे बिलावर वाद झाल्याचे पाहुण्यांनी सकाळी न्याहारीला सांगितलेले आहे. लॅमिनेट केलेल्या कार्डावर दिव्याची तिरीप पडली की नेमका दरांचाच स्तंभ पांढरा होतो. अशा वेळी अंदाजे बेरीज न देता कार्ड तिरके धरून पुन्हा फोटो मागवणे बरे.

फोटोवरून फार तर्क करू नये, असेही माझे मत झाले आहे. एकानेच फक्त मासळीचे पान पाठवले म्हणून सगळे मासे खातात असे होत नाही, आणि लहान मूल सोबत आहे की नाही हे तर कार्डावरून कळणे शक्यच नाही. त्यामुळे पहिल्या सुचवणीत काटेरी बांगडा किंवा तारली मुख्य म्हणून न ठेवता मी सुरमई ठेवते, कारण तिच्या तुकडीतला मधला काटा सहज बाजूला होतो. बांगड्याचे तिखले तिच्याहून चविष्ट लागते, हे मान्य आहे. पण ते मी पाहुण्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो पाठवल्यावर, ताटावर कोण कोण बसते ते कळल्यानंतर सुचवते.

1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, पण मेनूकार्ड वर्षभर तेच राहते. त्या दोन महिन्यांत कार्डावरची सुरमई बहुधा बर्फातली किंवा बाहेरून आलेली असते. म्हणून यंदाच्या पावसाळ्यात निरोपाचा साचा तोच ठेवून सुरमईच्या जागी कोंबडी-वडे मुख्य केले आहेत, आणि त्या दिवशी खाडीची मासळी आली आहे का, हे खानावळीत विचारायला सांगते.