पॉलिसी नव्हती, बिल होतं: 48,030 रुपये गेले ते असे

आखाजीच्या तोंडावर पाचोऱ्याच्या एका बिबडे-पापडवाल्या ताईंच्या फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या जाहिराती एका रात्रीत थांबल्या. खाण्याचा माल, गिऱ्हाईक सगळं पिंपरी-चिंचवडमधलं खान्देशी. जाहिराती मीच सांभाळतो, म्हणून लाजही माझीच. सांगतोय ते एवढ्याचसाठी, की दुसऱ्या कुणी तेच दार उघडून चोराला आत घेऊ नये.

आधी हिशोब. 8,500 रुपये त्या 'अकाउंट सोडवून देणाऱ्या' भामट्याला यूपीआयने गेले. 39,530 रुपये ताईंच्या कार्डावरून सात वेळा कापले गेले. आणि ज्या मूळ थकबाकीमुळे हे सगळं घडलं, ते 15,340 रुपये शेवटी वेगळे भरावेच लागले. ते भरायला एक मिनिटही लागलं नाही. हेच जास्त झोंबतं.

खातं ऑटोमॅटिक पेमेंटचं होतं. म्हणजे जाहिरात आधी चालते, खर्च ठरलेल्या मर्यादेला पोचला की कार्डावरून पैसे कापले जातात. ही मर्यादा नव्या खात्याला लहान असते आणि पैसे वेळेवर कापले जात राहिले की कंपनी ती आपोआप वाढवते. ताईंच्या खात्याची मर्यादा वाढत वाढत 13,000 झाली. वाटलं, चांगलंच आहे, कंपनीचा विश्वास बसला. पण 13,000 वर 18 टक्के जीएसटी 2,340. एकूण 15,340. आणि कार्डावरून आपोआप होणाऱ्या कपातीला रिझर्व्ह बँकेने 2022 पासून 15,000 ची सीमा ठेवली आहे. त्यावरची रक्कम दर वेळी ओटीपीशिवाय जाऊच शकत नाही. मध्यरात्री ओटीपी टाकणार कोण? कपात नाकारली गेली, थकबाकी उभी राहिली, सगळ्या जाहिराती थांबल्या. कार्डात पैसे होते, कार्ड चालू होतं, मुदत संपलेली नव्हती. कुणाचीच चूक नव्हती, फक्त 340 रुपये जास्त होते.

ऑटो पेमेंटवाल्यांनी एक आकडा लिहून ठेवावा: 12,711. मर्यादा याच्या वर गेली की जीएसटीसह रक्कम 15,000 ओलांडते. मर्यादा या आकड्याजवळ आली की खर्च तिथे पोचण्याआधीच स्वतः `Pay now` दाबून भरायचं. हाताने भरताना ओटीपी येतो, म्हणून मोठी रक्कमही जाते.

आता माझी चूक. स्क्रीनवर पेमेंट फेल झाल्याचं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते वाचलं आणि तरी मानलं नाही, कारण दोनच दिवसांपूर्वी ज्वारीच्या बिबड्यांच्या जाहिरातीत 'शुगरवाल्यांनाही चालतं' अशी ओळ टाकली होती. मनात आधीच खात्री, की ही ओळच भोवली. अशा वेळी एका ग्रुपमधल्या 'एक्स्पर्ट'चा फोन येतो, "काय व्हयनं भाऊ, पॉलिसीत अडकलं ना? हेल्थ क्लेम आहे, असं सुटत नाही, आतला माणूस लागतो." माझीच शंका तो मला परत विकत होता. आपल्या बोलीत बोलला म्हणून आपला माणूस वाटला, हेही कबूल करतो.

खरं तर दोन्हीतला फरक आंधळ्यालाही दिसावा असा आहे. मजकुराची अडचण असली की ती एकेका जाहिरातीवर दिसते: ती जाहिरात नाकारलेली असते आणि कोणता नियम मोडला ते तिथेच लिहिलेलं असतं. बिलाची अडचण असली की जाहिराती मंजूरच राहतात, पण सगळ्या एकदम थांबतात, मजकूर नवा असो की सहा महिन्यांचा जुना. आमच्याकडे जुनी पापडाची जाहिरातही थांबली होती. तिच्यात कसला आलाय हेल्थ क्लेम? तेव्हाच कळायला हवं होतं.

ज्यांना अजून खात्री हवी, त्यांनी `Graph API Explorer` मध्ये `ads_read` परवानगी घेऊन एवढं विचारावं. खाते क्रमांक `act_` च्या पुढे लिहायचा.

```
GET /act_<ID>?fields=account_status,disable_reason,balance
```

`account_status` 1 म्हणजे खातं चालू. 3 म्हणजे थकबाकी, आणि ती भरली की बहुतेक वेळा विषय संपतो. 2 म्हणजे खातं बंद, आणि मग `disable_reason` बघायचं: 1 असेल तर जाहिरातीच्या नियमांची भानगड, 3 असेल तर पेमेंटच्या जोखमीची. `balance` पैशांत येतं, म्हणजे `1300000` दिसलं तर 13,000 रुपये. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं. दोन मिनिटांचं काम होतं आणि मी ते केलं नाही.

पुढचा भाग त्याचा खरा डाव होता. "एका कार्डाने होत नाही, दुसरी फिरवून बघू," म्हणत त्याने अर्ध्या तासात चार वेगवेगळ्या नावांची कार्डं टाकायला लावली. ताईंचं, यजमानांचं, भाच्याचं, माझं. चारही फेल, कारण त्या कार्डांवर दिवसाची ऑनलाइन मर्यादाच 15,000 च्या आत ठेवलेली. पण कंपनीच्या यंत्रणेला दिसलं एवढंच, की एकाच खात्यावर थोड्या वेळात चार अनोळखी नावांची कार्डं आपटली. चोरीची कार्डं वापरणारे नेमकं असंच करतात. खातं थकबाकीतून निघून थेट बंद झालं, कारण `3`. जी अडचण नव्हती ती त्याने माझ्याच हाताने निर्माण केली आणि मग ती सोडवण्याचे 8,500 घेतले. एक कार्ड नाकारलं गेलं तर दुसरं टाकू नका. आधी बँकेला विचारा का नाकारलं.

नंतर त्याने 'रिव्ह्यू टाकायला' `Business settings` मध्ये `Full control` मागितलं. दिलं. मग "दोन रुपयांचं व्हेरिफिकेशन आहे, ओटीपी सांगा." ताईंनी ओटीपी वाचून दाखवला, मी शेजारीच होतो. त्या मेसेजमध्ये ई-मँडेट, म्हणजे पुढच्या आपोआप कपातींची परवानगी, हा शब्द होता आणि कमाल रक्कम 15,000 असं सरळ लिहिलेलं होतं. दोन रुपयांच्या व्हेरिफिकेशनला पंधरा हजारांची परवानगी कशाला लागते? तो मेसेज मी आजही उघडून वाचतो आणि स्वतःला शिव्या घालतो. ताईंनी विचारलंही होतं, "दादा, हे पंधरा हजार कशाचे?" मी म्हणालो, "तसंच येतं."

त्याने ताईंच्याच बिझनेसमध्ये दुसरं जाहिरात खातं काढलं, त्यावर हे कार्ड लावलं आणि कुठल्या तरी कर्ज देणाऱ्या अ‍ॅपच्या जाहिराती सुरू केल्या. कपाती बघा: 590, 1,180, 2,360, 5,900, 5,900, 11,800, 11,800. नव्या खात्याची मर्यादा चढत जाते, तशी रक्कम चढत गेली. प्रत्येक रक्कम 15,000 च्या आत, म्हणून एकदाही ओटीपी नाही. ज्या नियमाने आमची प्रामाणिक कपात अडवली, त्याच नियमाच्या आडोशाने चोराच्या सातही कपाती पार झाल्या. प्रत्येक कपातीच्या 24 तास आधी मेसेज येत होता. ताईंना वाटलं, आपल्याच जाहिराती सुरू झाल्या.

पकडलं ते असं. बँक स्टेटमेंटमध्ये प्रत्येक कपातीपुढे एक संदर्भ क्रमांक असतो, तोच जाहिरात खात्याच्या `Payment activity` मध्ये असायला हवा. आमच्या खात्यात सातपैकी एकही नव्हता. याचा अर्थ एकच: दुसरं खातं. आठवड्यातून एकदा हे जुळवत जा. आणि खात्यावर खर्चाची मर्यादा घातली म्हणून निर्धास्त राहू नका; ती त्या एकाच जाहिरात खात्याला लागू असते, शेजारी काढलेल्या नव्या खात्याला नाही.

आता यंत्रणा. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन लागला, तक्रार नोंदली, 8,500 पैकी जे समोरच्याच्या बँक खात्यात उरलं होतं ते गोठवलं. ते म्हणजे 3,200. पण 39,530? "हे तर नोंदणीकृत कंपनीला गेलेत, फ्रॉड कुठे आहे?" पोलीस ठाण्यातला हा प्रश्न मी तीन वेळा, तीन टेबलांवर ऐकला. पैसे चोराच्या खात्यात गेलेच नाहीत, जाहिरात कंपनीला गेले. चोराने त्या पैशांची जाहिरात घेतली आणि ती पुढे विकली. हे समजावून सांगता सांगता घसा कोरडा पडला, एकाने तर मलाच विचारलं, "मग तुमची जाहिरात चालली ना?" बँकेने सांगितलं ओटीपी तुम्हीच दिला. बरोबर आहे, दिला. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात ग्राहकाच्या निष्काळजीपणाचं नुकसान कळवेपर्यंत ग्राहकाचंच, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. शाखेतल्या माणसाला ते परिपत्रक मीच मोबाईलवर दाखवलं, तर म्हणाला, "मेलवर पाठवा." शेवटची 11,800 ची कपात आम्ही कळवल्यानंतरची आहे, पोचपावती हातात आहे, आणि तरी तिचा निर्णय 'प्रक्रियेत'. जाहिरात कंपनीची चॅट तर खातं बंद असल्यावर उघडतच नाही! ज्याचं खातं बंद त्यालाच मदत हवी असते, हे कुणाच्या डोक्यात येत नाही का?

बँकेतला माणूस चार्जबॅक टाकायला, म्हणजे कार्डावरची कपात बँकेमार्फत परत मागायला सांगेल. थांबा. आधी कंपनीच्या अनधिकृत कपातीच्या फॉर्मवर तक्रार टाका, संदर्भ क्रमांक एकेक करून लिहा. थेट चार्जबॅक गेला तर कंपनी त्याला बुडवेगिरी समजते आणि पेमेंटच्या जोखमीखाली पूर्ण बिझनेसच बंद करू शकते. फॉर्मला नकार आला, मगच चार्जबॅक.

आणि क्रम चुकवू नका: पहिल्यांदा बँकेत कार्ड बंद आणि ई-मँडेट रद्द, मग `People` मधून तो माणूस काढणे, मग नव्या खात्यातल्या जाहिराती थांबवणे. आम्ही बँकेला कळवलं, पण कार्ड बंद न करता ते आधी जाहिरात खात्यातून काढायला गेलो. थकबाकी असताना एकमेव कार्ड निघतच नाही. त्या झटापटीत शेवटची 11,800 गेली.

थकबाकी `Pay now` ने भरली, ओटीपी टाकला, 15,340 गेले. त्यानंतर रिव्ह्यू मागितला, ताईंचं ओळखपत्र आणि त्याच नावाच्या कार्डाचं स्टेटमेंट लावून. थकबाकी असताना रिव्ह्यू मागण्यात अर्थ नव्हता. अकराव्या दिवशी `account_status` 1 झालं. आता नवं खातं प्रीपेडवर काढलंय, यूपीआयने दोन-दोन हजार भरतो. जुनं ऑटोचं खातं प्रीपेडमध्ये बदलता येत नाही, म्हणून नवंच काढावं लागलं. आखाजी तोवर होऊन गेली होती. ताईंच्या घरी अजून दीड क्विंटल बिबडे पडून आहेत.