बायनरी ट्री: ॲरेत ठेवायची की पॉइंटरने जोडायची?

आधी ट्रीचा आकार बघा. ती कम्प्लीट असेल, म्हणजे वरच्या सगळ्या पातळ्या भरलेल्या आणि शेवटची डावीकडून सलग, तर ॲरे डोळे झाकून घ्या. १९६४ साली विल्यम्स यांनी हीपसॉर्ट मांडला, तेव्हा हीप अशीच ॲरेत ठेवली होती.

```
left   = 2*i + 1
right  = 2*i + 2
parent = (i - 1) / 2
```

मोजणी शून्यापासून, भागाकार पूर्णांकी. `[5, 9, 7, 14, 12, 10]` ही मिन-हीप घ्या. इंडेक्स 4 वर 12 आहे; त्याचा पालक (4-1)/2 = 1, म्हणजे 9. इंडेक्स 2 वरच्या 7 चं डावं मूल 5 वर, म्हणजे 10. उजवं 6 वर यायला हवं, पण ॲरे 5 ला संपतो, म्हणजे ते मूलच नाही. मोकळी जागा एकही नाही आणि पॉइंटरही नाही.

एक खड्डा मात्र आहे: मुळाचा पालक. i = 0 असताना सी किंवा जावात `-1 / 2` चं उत्तर 0 येतं, त्यामुळे चूक झाकली जाते. पायथनमध्ये `-1 // 2` म्हणजे -1, आणि `h[-1]` हा ॲरेचा शेवटचा घटक! एरर येत नाही, हीप गुपचूप बिघडते. वर चढणाऱ्या लूपमध्ये `i > 0` लिहाच.

आता दुसरं टोक. साध्या सर्च ट्रीत 1 ते 20 हे आकडे चढत्या क्रमाने घाला. प्रत्येक आकडा आधीच्याच्या उजवीकडे जाईल. त्यांची घरं 0, 2, 6, 14, 30 अशी पळत सुटतात आणि विसावा आकडा 10,48,574 वर जाऊन बसतो. चार बाइटचा एक पूर्णांक धरला तर वीस आकड्यांसाठी सुमारे 4 एमबी, आणि वर कुठलं घर रिकामं हे ओळखायला खूण ठेवायची ती वेगळीच. पॉइंटरवाला नोड 64-बिट मशीनवर साधारण 24 बाइट घेतो: दोन पॉइंटर, एक पूर्णांक आणि पॅडिंग. वीस नोडना 480 बाइट पुरतात.

म्हणजे एका नोडच्या जागेत ॲरेची सहा घरं बसतात. लागणारी घरं नोडांच्या सहापटीच्या आत असतील, तर भोकं असूनही ॲरे स्वस्त पडतो. पाच पातळ्यांच्या एव्हीएल ट्रीत कमीत कमी 12 नोड असतात. त्यांना फार तर 31 घरं, म्हणजे 124 बाइट लागतील. पॉइंटरने तेच 288 होतात.

तरीही एव्हीएलसाठी मी पॉइंटरच घेईन. तिथे रोटेशन म्हणजे दोन-तीन पॉइंटर बदलणं. ॲरेत मात्र उपवृक्षाची पातळी बदलली की त्यातल्या प्रत्येक नोडचा इंडेक्स बदलतो, आणि सगळं बिऱ्हाड एकेक करून हलवावं लागतं.