तुपाची कॉफी : आठ महिने पिऊन, मोजून आणि रक्त तपासून झाल्यावर

मी शिक्षिका आणि माझी शाळा सकाळची. पावणेसातला प्रार्थना, म्हणजे सव्वासहाला घर सोडायचं. साडेपाचला घशाखाली काही उतरत नाही आणि मधली सुट्टी साडेनऊला. वर्षानुवर्षं मी नुसती कॉफी पिऊन निघायचे आणि तिसऱ्या तासाला हात थरथरायचे. गेल्या जूनमध्ये मावसबहिणीने तुपाची कॉफी सुचवली. "अगं, दुपारपर्यंत भूकच लागत नाही, वजनही उतरतं," असं ती म्हणाली आणि शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात मी सुरुवात केली.

तिची कृती साधी होती. स्टीलच्या फिल्टरची एक कप कोरी कॉफी, त्यात दोन चमचे साजूक तूप, साखर नाही, आणि सगळं मिक्सरमधून फिरवायचं. कृतीचं मूळ अमेरिकेतलं. डेव्ह ॲस्प्री नावाच्या उद्योजकाने २००९च्या सुमारास लोणी घातलेली कॉफी लोकांपुढे आणली. तिबेटमध्ये याकच्या लोण्याचा चहा प्यायल्यावर ही कल्पना सुचली, असं तो सांगतो. तो चहा मात्र मीठ घातलेला असतो आणि उंचावरच्या कडाक्याच्या थंडीत दिवसभर चालणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या लोकांचा तो आहार आहे. त्यांना त्या कॅलरी लागतातच. मी रिक्षाने शाळेत जाते.

आधी करण्याबद्दल सांगते, कारण पहिल्याच आठवड्यात माझा हात भाजला. उकळती कॉफी मिक्सरच्या छोट्या भांड्यात घालून झाकण घट्ट लावलं आणि बटण दाबलं. आत वाफ कोंडते, फिरवल्यावर दाब वाढतो आणि झाकण उडतं. कॉफीबरोबर गरम तूपही अंगावर येतं आणि ते कातडीला चिकटून राहतं. मिक्सर वापरायचाच असेल तर कॉफी दोन-तीन मिनिटं निववा, भांडं अर्ध्याहून कमी भरा आणि झाकण फडक्याने दाबून एकेक क्षणच फिरवा. मी नंतर उंच भांड्यात रवीने घुसळायला लागले. बॅटरीवर चालणारी फेस काढायची छोटी रवी मिळते, तीही चांगली चालते. चमच्याने ढवळून मात्र काहीच होत नाही, तुपाचा तवंग वर तसाच राहतो.

घुसळल्यावर रंग दुधाच्या कॉफीसारखा होतो आणि चव खरोखर छान लागते. पण पाच-सात मिनिटांत तूप वर यायला लागतं. लोण्याचं तसं इतक्या लवकर होत नाही. लोण्यात थोडं पाणी आणि दुधातले घन पदार्थ असतात, ते स्निग्धांश आणि पाणी एकत्र धरून ठेवतात. तूप कढवताना नेमके तेच बेरी होऊन खाली बसतात आणि आपण ते गाळून टाकतो. म्हणून चवीच्या दृष्टीने घरचं पांढरं लोणी तुपापेक्षा सरस. दुकानातलं पिवळं लोणी बहुतेक खारवलेलं असतं, ते एकदा घालून पाहिलं आणि कॉफी ओतून द्यावी लागली. बाटलीत भरून नेण्याचा बेतही सोडा. कॉफी निवली की कडेला तुपाचा थर गोठतो आणि झाकणाच्या रबराला खवट वास धरतो.

आता दाव्यांकडे येते. भूक लागत नाही हा दावा माझ्या बाबतीत खरा ठरला. साडेनऊपर्यंत पोट शांत राहायचं, हातांची थरथरही कमी झाली. स्निग्ध पदार्थ पोटातून सावकाश पुढे सरकतो, त्यामुळे असं होणं स्वाभाविक आहे. पण हे तुपाचंच विशेष आहे का, ते मला पाहायचं होतं. माझ्या शेजारच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, एक आठवडा तूप आणि एक आठवडा दूध-केळं असं करून बघा." तसं चार आठवडे केलं. कपभर दुधाची कॉफी आणि एक केळं घेतलं त्या आठवड्यांतही थरथर नव्हती. साडेनऊला भूक थोडी जास्त होती, एवढाच फरक. म्हणजे इतकी वर्षं मला त्रास होत होता तो रिकाम्या पोटी कॉफी पिण्याचा. पोटात काहीतरी गेलं की तो थांबत होता.

डोकं तल्लख होतं, हा दुसरा दावा. सकाळी तरतरी येते, पण ती कोऱ्या कॉफीनेही येते, कारण ती कॅफीनची आहे. तूप घातल्यावर वह्या तपासायचा माझा वेग किंवा चुका यांत काही फरक पडला नाही. यामागे एमसीटी तेलाचा हवाला दिला जातो. एमसीटी म्हणजे मध्यम लांबीच्या साखळीची स्निग्धाम्लं असलेली चरबी. ही स्निग्धाम्लं यकृताकडे लवकर पोचतात आणि त्यांचे कीटोन, म्हणजे मेंदूलाही चालणारं इंधन, बनतात, हे खरं आहे. अमेरिकेतल्या मूळ कृतीत लोण्याबरोबर हे तेल वेगळं घालतात. आपल्या तुपात अशी स्निग्धाम्लं अगदी थोडी असतात, तेव्हा त्या तेलाचे गुण तुपाच्या नावावर लावता येत नाहीत.

चरबी वितळते, हा तिसरा दावा. लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सांगणारे म्हणतात की तुपाने इन्सुलिन फारसं वाढत नाही, म्हणून उपास मोडत नाही आणि शरीर चरबी जाळत राहतं. पहिला भाग बराचसा बरोबर आहे. पण शरीर आधी जाळणार ते नुकतंच प्यायलेलं तूप. पोटावरची चरबी कमी व्हायला दिवसभरात खर्चापेक्षा कमी खावं लागतं आणि तुपाने त्या हिशोबात भर पडते. दिवसाला पन्नासेक ग्रॅमपर्यंतच कर्बोदकं खाणाऱ्याचं शरीर कीटोनवर चालतं, तिथली गोष्ट वेगळी. दुपारी पोळी-भात खाणाऱ्या माझ्यासारखीला ते गणित लागूच होत नाही.

ही भर किती मोठी होती हे मला चार महिने कळलं नाही, आणि त्याला कारण चमचा. कृतीत 'दोन चमचे' होतं. मी पोहे खायचा चमचा वापरत होते आणि आमचं तूप रवाळ, घट्ट, म्हणून तो शिगोशीग भरायचा. ऑक्टोबरमध्ये काटा आणून वजन केलं तेव्हा तसा एक चमचा साडेसतरा ग्रॅम भरला. तोच चमचा पातळ तुपाने सपाट भरला तर दहा ग्रॅमच्या आत, आणि मसाल्याच्या डब्यातला छोटा चमचा जेमतेम पाच ग्रॅम. एकाच 'चमचा' या शब्दात साडेतीनपट फरक.

तुपाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी. माझे दोन चमचे म्हणजे ३५ ग्रॅम, म्हणजे ३१५ कॅलरी, साधारण तीन कोरड्या पोळ्यांएवढ्या. कोऱ्या कॉफीच्या स्वतःच्या पाच कॅलरीही नसतात. महिन्यात २६ दिवस म्हटलं तरी आठ हजारांच्या वर कॅलरी होतात आणि एक किलो चरबीला सुमारे ७,७०० लागतात. कागदावर माझं वजन महिन्याला किलोभर वाढायला हवं होतं. सुट्टीतला डबा आपोआप थोडा कमी झाल्यामुळे ते तेवढं वाढलं नाही. पण जूनमध्ये ६१.२ होतं ते ऑक्टोबरच्या मध्याला ६३.५ झालं. डबा कमी खाल्ला, पण बंद केला नव्हता. म्हणजे ती कॉफी न्याहारीच्या जागी आली नव्हती, न्याहारीच्या वर आली होती.

घरातलं तूपही सांगत होतं. पूर्वी किलोभर तूप आम्हाला दीड महिना पुरायचं, ते तीन आठवड्यांतच संपायला लागलं. सासूबाई म्हणाल्यासुद्धा, "अगं, एवढं तूप जातंय कुठे? पोळीवर तर दिसत नाही." तेव्हा मी ऐकायला हवं होतं.

खरा धक्का रक्ताच्या अहवालाने दिला. मे महिन्यात वार्षिक तपासणीत एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, ११८ होतं. दिवाळीआधी पुन्हा तपासलं तर १५१. डॉक्टरांनी आहारात काय बदललं ते विचारलं आणि कॉफीचं ऐकून हिशोबच मांडून दाखवला. तुपातला साठ टक्क्यांहून जास्त भाग संपृक्त चरबीचा. दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाने दिवसभरात अशी चरबी सुमारे २२ ग्रॅमच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे. माझ्या एका कपात जवळपास तेवढी जात होती, सकाळी सहाच्या आत. नंतरचं दूध, वरणावरचं तूप, दाण्याचं कूट, फोडणी हे सगळं त्यावर.

न गाळलेल्या कॉफीतले तेलकट घटकही एलडीएल वाढवतात. स्टीलच्या फिल्टरमधून ते बरेचसे खाली येतात, कागदी फिल्टरमध्ये अडकतात. पण स्टीलच्या फिल्टरची कॉफी मी पंधरा वर्षं पितेय, म्हणून माझ्या बाबतीत नवं कारण तूपच होतं. श्रावणातले गोडधोड, गणपतीतले मोदक दर वर्षी असतात. तरी ही एकट्या माझी गोष्ट आहे. काहींचं एलडीएल तुपाने फारसं हलत नाही आणि काहींचं माझ्यापेक्षाही जास्त चढतं. कोण कशातलं हे तपासल्याशिवाय कळत नाही, म्हणून रोज पिणार असाल तर सुरू करण्याआधी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा तपासणी करून घ्याच. ज्यांना हृदयाचा त्रास आहे किंवा पित्ताशयात खडे आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही कॉफी घेऊ नये.

आम्लपित्ताबद्दल पुष्कळ जण विचारतात. तुपाने पोटात थर बसतो आणि जळजळ होत नाही, असं मलाही सांगितलं होतं. माझा अनुभव उलटा आला. ३५ ग्रॅम तूप पिऊन लगेच वर्गात मोठ्याने शिकवायला लागले की आठ वाजेपर्यंत घशाशी आंबट यायचं. जास्त स्निग्ध खाल्लं की पोट रिकामं व्हायला वेळ लागतो आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेली झडप सैल पडते. तूप पाच ग्रॅमवर आणल्यावर हा त्रास झाला नाही.

अहवालानंतर दोन महिने मी तुपाची कॉफी पूर्ण बंद ठेवली. दुधाची कॉफी आणि केळं, कधी भिजवलेले बदाम. डिसेंबरच्या शेवटी एलडीएल १२४ आलं आणि वजन ६२.१.

एवढं सगळं होऊनही ती कॉफी मी कायमची सोडलेली नाही, कारण तिचा एक उपयोग मला पटला आहे. परीक्षेच्या दिवसांत सुट्टी साडेदहापर्यंत लांबते आणि पर्यवेक्षण करताना काही खाता येत नाही. अशा दिवशी मी मसाल्याचा छोटा चमचा एक, सपाट, म्हणजे पाच ग्रॅम तूप घालून कॉफी घेते आणि सोबत केळं खाते. ४५ कॅलरी. वरणभातावर आपण घेतो तेवढंच तूप. ज्या दिवशी कॉफीत घेतलं त्या दिवशी वरणावर घेत नाही. वजन उतरवण्यासाठी किंवा बुद्धी वाढवण्यासाठी कोणी ही कॉफी प्यावी असं मी सांगणार नाही. ज्याला सकाळी जेवण जात नाही आणि जो तिच्या बदल्यात खरोखर काहीतरी वगळणार आहे, त्याने अधूनमधून घ्यायला हरकत नाही. पण रोज दोन मोठे चमचे हे प्रमाण मला चुकीचं वाटतं.

तुपाच्या बरणीत आता तो छोटा चमचाच ठेवला आहे. पोह्याचा चमचा मी तिथून काढला.