माल कुठे थांबवायचा: बारमध्ये, अर्धवट की तयार?

छोट्या मशिनशॉपवाल्यांना हा प्रश्न पडतोच. एक शाफ्ट धरू, ईएन-८ चा बार, पीसला दोन किलो, ८० रुपये किलोने १६० रुपये. टर्निंगचे ४०, इंडक्शन हार्डनिंग बाहेरून २५, ग्राइंडिंग ३५, म्हणजे तयार पीस २६० ला पडतो. आकडे समजायला घेतलेत, तुमचे वेगळे असतील.

बार पडून राहिला तर पैसा अडकतो खरा, पण ऑर्डर रद्द झाली तरी तोच बार दुसऱ्या जॉबला लागतो, नाहीतर थोडं नुकसान सोसून विकता येतो. तयार मालाचं उलट, गिऱ्हाईकाने आज मागितला तर आज गाडी भरता येते, पण ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली की सगळा लॉट डोक्यावर बसतो.

अर्धवट माल म्हणजे डब्ल्यूआयपी, आणि माझ्या मते सगळ्यात फसवा हाच. टर्निंग झालेल्या पीसवर तुमचे २०० गेलेत, पण तो गिऱ्हाईकाला देता येत नाही आणि बार म्हणून परतही जात नाही. भंगारात दीड किलोचे ३० रुपयांनी ४५ मिळाले तर मिळाले. पावसाळ्यात रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल न मारता ट्रॉलीत ठेवलात तर दोन-तीन दिवसांत तांबूस डाग दिसायला लागतात.

आणि तो वेळ पण खातो. रोज १०० पीस बाहेर पडतात आणि मशिनींच्या मधे १२०० पडलेत, तर आज लावलेला बार साधारण १२ दिवसांनी डिस्पॅचला येणार, पीसवर प्रत्यक्ष काम १० मिनिटांचं का असेना! ऑपरेटर रिकामा दिसू नये म्हणून टर्निंग दामटत राहिलात आणि ग्राइंडर एकच आहे तर ढीग ग्राइंडरपुढेच वाढणार. ओळखायचं सोपं, त्या ढिगातल्या सगळ्यात खालच्या ट्रॉलीच्या रूट कार्डवरची तारीख बघा.

मग अर्धवट माल ठेवायचाच नाही का? तसंही नाही. तीन गिऱ्हाइकांचे शाफ्ट टर्निंगपर्यंत सेम असतील आणि फरक पुढे की-वे, ग्राइंडिंगमध्ये पडत असेल, तर मी त्या एकाच जागी ठरवून, समजा ३०० पीस ठेवेन, ज्याची ऑर्डर येईल त्याच्यासाठी पुढे चालवायचे. गिऱ्हाईक एकच आणि शेड्यूल पक्कं असेल तर थोडा तयार माल बरा. मागणीचा नेम नाही आणि प्रत्येक जॉब पहिल्या ऑपरेशनपासूनच वेगळा असेल तर बारच ठेवा.

हिशोबात अर्धवट पीस १६० ला धरू नका आणि २६० लाही नाही, जिथवर काम झालंय तिथवरचा खर्च धरा. पण विक्री किंमत घसरून २२० झाली असेल तर त्यातून उरलेल्या कामाचे ६० वजा करून १६० राहतात, मग २०० च्या जागी १६० च लावायचे. आणि हार्डनिंगला गेलेले पीस जॉबवर्कवाल्याकडे असले तरी तुमचाच स्टॉक आहे, मोजणीच्या दिवशी चलनं काढून तेही धरा.