घाटरस्त्याच्या कटिंगसाठी काय निवडावे: नेलिंग-शॉटक्रीट की गॅबियन आणि निचऱ्याचे पाइप?

रत्नागिरी जिल्ह्यातील एका घाटरस्त्यावर, सुमारे 14 मीटर उंचीच्या उतारासाठी मला दोहोंपैकी एकाची निवड करावी लागली: नेलिंग-शॉटक्रीट, म्हणजे उतारात लोखंडी सळ्या रोवून वर काँक्रीट फवारणे, किंवा गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून रचलेली भिंत, आणि सोबत निचऱ्याचे पाइप. रस्ता रुंद करताना पायथ्याची 3 मीटर माती उभी कापली गेली होती. तिच्या वर 38 अंशांचा उतार होता, त्यावर साधारण 3 मीटर जाडीची, जांभ्याच्या गोट्यांची तांबडी माती होती आणि तिच्याखाली त्याच कलाने उतरणारा काळा कातळ. उतार सौम्य करण्याचा तिसरा पर्याय लगेचच बाद झाला, कारण वर खासगी आंब्याची बाग होती.

माती कातळावरूनच सरकेल, पाणी उताराला समांतर वाहील, चिकटपणा 12 किलोपास्कल आणि घर्षणकोन 32 अंश असेल, असे मी गृहीत धरले. या हिशोबाने कोरड्या उताराचा सुरक्षा गुणांक, म्हणजे माती रोखणारे बळ भागिले तिला सरकवणारे बळ, 1.26 येतो. कातळावर दीड मीटर पाणी साठले की तो 1.04 होतो आणि माती पूर्ण भिजली की 0.82, म्हणजे उतार उभा राहण्याचे कारणच उरत नाही. यातील सर्वांत कच्चे गृहीतक चिकटपणाचे आहे. नमुना अर्धवट ओला असताना तपासला तर चिकटपणा फुगून दिसतो, आणि तो 8 धरला तर कोरड्यातही गुणांक 1.10 वर येतो. शिवाय या पद्धतीत उतार न संपणारा मानला जातो, त्यामुळे पायथा कापल्याने गेलेला आधार तिच्यात दिसत नाही. म्हणून हे आकडे जरा उदारच समजावेत.

पावसाच्या बाबतीत केवळ 24 तासांचा आकडा पाहणे मला अपुरे वाटते. हवामान खाते 115.6 मिलिमीटरपासून ‘अति मुसळधार’ म्हणते, पण जूनमधल्या अशा दिवशी माझा उतार स्वस्थ होता. जुलैच्या अखेरीस, दहा-बारा दिवसांच्या संततधारेनंतर, त्याहून कमी पावसाने वरच्या बांधाशी बोटभर रुंद भेग पडली. पहिला पाऊस मातीची तहान भागवतो आणि कातळावरची पाण्याची पातळी नंतरचा पाऊस चढवतो, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे आधीच्या पंधरवड्याचा पाऊस आणि आजचा पाऊस एकत्र पाहूनच रस्ता बंद ठेवण्याचा निर्णय मी घेत असे.

कागदावर नेलिंग सरस ठरते, हे मान्य करायला हवे. कातळात रुतवून ग्राउट केलेल्या सळ्या 1.5 चा गुणांक सहज दाखवतात, जागा कमी लागते, आणि जिथे कटिंग उंच असून पायथ्याशी भिंतीला जागाच नाही तिथे मीही तेच सुचवेन. माझे मन फिरले ते शॉटक्रीटमुळे. याआधीच्या एका कामावर दुसऱ्याच पावसाळ्यात पाणी बाहेर पडण्यासाठी ठेवलेल्या वीप होलमधून पाण्याऐवजी तांबडा गाळ डोकावू लागला आणि नंतर तोही वाळून बसला. पृष्ठभागावर ओले डाग पसरले होते, हातोडी ठोकली की काही ठिकाणी पोकळ आवाज येई, आणि आत पाणी किती साठले आहे हे सांगण्याचा कोणताही मार्ग आमच्याकडे नव्हता. दोष सळ्यांचा नव्हता, पण ज्या रेषेतून पाण्याने बाहेर पडायला हवे, तीच आपण लिंपून टाकली होती, ही चीड माझ्या मनातून गेली नाही. (जाळी लावून शॉटक्रीट टाळता येते, पण मग उघडी माती धुपते.)

त्यामुळे येथे मी पायथ्याशी कातळावर बसवलेले गॅबियन, त्यामागे माती अडवून पाणी जाऊ देणारे जिओटेक्सटाइल कापड, आणि उतारावर दोन ओळींत 6 मीटर लांबीचे, आतल्या टोकाकडे किंचित वर चढणारे भोकांचे पाइप घेतले. पाणी अर्ध्या मीटरवर राहिले तर गुणांक 1.19 पर्यंत जातो आणि उरलेली कसर गॅबियनने भरून काढावी, अशी अपेक्षा आहे. चिकटपणा 8 च निघाला तर मात्र निचऱ्यासकट 1.03 च उरतो, म्हणजे मार्जिन पातळ आहे. पाया खणताना एका वेळी पाच मीटरच उघडावा लागतो आणि ते काम पावसाआधी संपवावे लागते, हा या पर्यायाचा खरा त्रास आहे.

पाइपही तुंबतात, पण तुंबले की दिसतात. जोराचा पाऊस थांबल्यावर मी प्रत्येक तोंडाखाली दहा लिटरची बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते वहीत लिहितो. शेजारचे पाइप वाहत असताना एखादा कोरडा दिसला, तर त्यात पाण्याचा जोरदार फवारा मारून तो धुवून काढतो.