प्रस्ताव ‘जरा बघून सांगा’ म्हणताना आधी काय पाठवावं: सूचना, अंदाजपत्रक की मसुदा?

कोल्हापुरातल्या एखाद्या संस्थेचा सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठीचा अर्ज चार दिवसांत जायचा असतो. जाणकार माणसाला निरोप जातो: “सर, सुभाषनगरातल्या चाळीस महिलांना चप्पल बनवण्याचं प्रशिक्षण द्यायचंय, पंधरा लाखांचा प्रस्ताव आहे. कसा वाटतो, सांगा.” सोबत काहीच जोडलेलं नसतं. उत्तरही तसंच येतं: विषय चांगला आहे, टिकाऊपणावर भर द्या, आकडेवारी घाला. हे उत्तर गडहिंग्लजच्या दूधसंस्थेलाही चालेल आणि रंकाळ्याच्या स्वच्छतेलाही. तपासणाऱ्याकडे प्रस्ताव नसतोच, असतं फक्त प्रस्तावाचं वर्णन. वर्णनावर मत देता येतं, पण चूक दाखवता येत नाही.

पाठवण्यासारखी कागदपत्रं तीन: निधी देणाऱ्याच्या मार्गदर्शक सूचना, अंदाजपत्रक आणि मसुदा. वेळ कमी असेल तर कोणतं आधी पाठवावं, हे ठरवण्यासाठी एकच उदाहरण तिन्ही बाजूंनी पाहू. आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत.

अंदाजपत्रक असं समजा. दोन प्रशिक्षकांचं मानधन दरमहा प्रत्येकी २०,००० प्रमाणे सहा महिने, म्हणजे २,४०,०००. चाळीस महिलांना दरमहा ३,००० विद्यावेतन तीन महिने, ३,६०,०००. कातडं व इतर साहित्य माणशी ४,५००, म्हणजे १,८०,०००. शिलाई यंत्रं दहा, प्रत्येकी २८,००० ची, २,८०,०००. समन्वयकाचा पगार १८,००० प्रमाणे बारा महिने, २,१६,०००. जागेचं भाडं १,२०,०००. कार्यालयीन खर्च १,०४,०००. एकूण १५,००,०००.

फक्त मसुदा पाठवला तर

बहुतेक जण हेच करतात, कारण लिहायला सर्वांत जास्त कष्ट मसुद्यालाच पडलेले असतात. तपासणारा त्यातली अंतर्गत विसंगती पकडू शकतो: पहिल्या पानावर चाळीस महिला, सहाव्या पानावर पंचेचाळीस, उद्दिष्ट उत्पन्नवाढीचं, पण मोजणार मात्र हजेरी. भाषा सुधारून मिळते. गरज नीट मांडली आहे का, तेही कळतं.

विषयाची माहिती असलेला तपासनीस आणखी एक गोष्ट पाहील. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते एकट्या कोल्हापूरचं नाही. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात आहेत. मसुद्यात “मानांकनाचा शिक्का लावून विक्री करू” असं सरळ लिहिलेलं असेल, तर कारागिरांची ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी झाली आहे का, हा पुढचा प्रश्न. जिल्ह्यात बनते एवढ्यावर मानांकनाचं चिन्ह वापरता येत नाही. नोंदणी नसेल तर तीही प्रकल्पातली एक पायरी म्हणून दाखवावी लागते, तिला लागणारा वेळ धरून.

एवढं असूनही मसुद्यावरून पात्रता कळत नाही. पंधरा पानांचा उत्तम मसुदा पहिल्याच छाननीत बाद होईल की नाही, हे त्या पंधरा पानांत कुठेच लिहिलेलं नसतं.

फक्त अंदाजपत्रक पाठवलं तर

गुणाकार आणि बेरजा तपासून मिळतात, दर बाजाराशी जुळतात का ते कळतं, आणि सुटलेल्या बाबी दिसतात. वरच्या पत्रकात लेखापरीक्षणाची फी नाही, यंत्रांची दुरुस्ती नाही, तयार माल विकण्यासाठी एक रुपयाही नाही. यंत्रांच्या कोटेशनमध्ये जीएसटी धरला आहे का, हेही विचारलं जाईल. ज्या संस्थेला कराची वजावट मिळत नाही, तिच्यासाठी तो कर खर्चच असतो, आणि दहा यंत्रांवरचा कर विसरला तर तो भरायचा कुठून हा प्रश्न मंजुरीनंतर उभा राहतो.

अंदाजपत्रकाची एक गंमत आहे: संस्थेला खरोखर काय करायचंय ते मसुद्यापेक्षा त्यातच जास्त स्पष्ट दिसतं. पण ते योग्य आहे की नाही, हे दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. मसुदा म्हणतो, “चामड्याच्या वादीने हातशिलाई केलेली पारंपरिक चप्पल.” अंदाजपत्रक म्हणतं, दहा शिलाई यंत्रं. मग यंत्रं कशासाठी? पिशव्या, पाकिटं, पट्टे शिवायचे असतील तर तसं मसुद्यात यायला हवं. चपलेसाठीच असतील, तर ‘पारंपरिक’ हा शब्द आणि मानांकनाचा दावा दोन्ही अडचणीत येतात. सुटे सुटे वाचले तर दोन्ही कागद निर्दोष वाटतात.

फक्त मार्गदर्शक सूचना पाठवल्या तर

इथे संस्थेचं स्वतःचं काहीच पाठवलेलं नसतं, तरी उपयोग सर्वांत जास्त होतो. अर्ज करायचा की नाही, हा पहिला निर्णय यावरूनच होतो. संस्था किती वर्षं जुनी हवी, किती वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब हवेत, प्राप्तिकराची १२ए आणि ८०जी नोंदणी चालू आहे का, हे पाहायला दहा मिनिटं लागतात. सीएसआरचा पैसा घेणाऱ्या अंमलबजावणी संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. तो नसेल, तर मसुद्यातल्या वाक्यांवर घालवलेली रात्र वाया गेली.

सूचना म्हणजे जाहिरातीचं एक पान नव्हे. पूर्ण दस्तऐवज, नंतर काढलेलं शुद्धिपत्रक, प्रश्नोत्तरांचं पान, अर्जाचा कोरा नमुना आणि गुणांकनाचा तक्ता, असं सगळं लागतं. तक्ता तर हटकून विसरला जातो. शंभरपैकी तीस गुण बाजारपेठेच्या जोडणीला असतील आणि मसुद्यात संस्थेच्या इतिहासाला दोन पानं, विक्रीला सहा ओळी असतील, तर तपासणाऱ्याला भाषेकडे बघायचीही गरज नाही.

तिन्ही एकत्र आल्यावर काय बदलतं

आता समजा, सूचनांमध्ये अशा अटी आहेत: अनुदान कमाल १२ लाख, एकूण खर्चाच्या २० टक्के वाटा संस्थेचा, अनुदानातून यंत्रसामग्रीवर कमाल १५ टक्के, प्रशासकीय खर्च अनुदानाच्या १० टक्क्यांपर्यंत.

पहिली अट पाहून घाबरायचं कारण नाही. पंधरा लाखांच्या २० टक्के म्हणजे तीन लाख संस्थेचे, उरलेले बारा लाख अनुदान. बसतं. पण यंत्रांना अनुदानातून मिळू शकतात १,८०,००० आणि मागितलेत २,८०,०००. सहा यंत्रं घेतली तर १,६८,०००, म्हणजे मर्यादेत.

घाईत केलेली दुरुस्ती इथेच फसते. अंदाजपत्रकात दहाची सहा केली आणि मसुदा तसाच ठेवला. मसुद्यात वीस-वीस महिलांच्या दोन तुकड्या आहेत, एका यंत्रावर दोघी, तीन-तीन महिन्यांचं प्रशिक्षण. सहा यंत्रांवर एका वेळी बाराच जणी बसतील. चाळीस जणींसाठी चार तुकड्या, म्हणजे सहाऐवजी बारा महिने. प्रशिक्षकांचं मानधन २,४०,००० वरून ४,८०,००० होतं. यंत्रांवर १,१२,००० वाचवले आणि मानधनावर २,४०,००० वाढवले. शिवाय वर्षभरात शिकवणंच संपेल, विक्री कधी?

दुसरी वाट सूचनांतल्या एका शब्दात आहे. मर्यादा ‘अनुदानातून’ आहे, ‘एकूण खर्चात’ नाही. म्हणून चार यंत्रं, १,१२,००० ची, संस्थेच्या वाट्यात टाकायची. भाड्याचे १,२०,००० आणि कार्यालयीन खर्चातले ६८,००० त्यात मिळवले की संस्थेचा वाटा बरोबर ३,००,००० होतो. यंत्रं दहाच राहतात, तुकड्या दोनच राहतात. मात्र सूचनांमध्ये वाटा ‘रोख’ लिहिला आहे की ‘वस्तुरूपात चालेल’ असं आहे, ते वाचावं. रोखच हवा असेल आणि जागा संस्थेची स्वतःचीच असेल, तर भाड्याचे १,२०,००० मोजले जाणार नाहीत.

प्रशासकीय खर्चाची मर्यादा १,२०,०००. वाटणी केल्यावर अनुदानात कार्यालयीन खर्च उरतो ३६,०००. निश्चिंत व्हावं असं वाटतं, पण समन्वयक कुठे मोजायचा? काही निधीदाते त्याला कार्यक्रमाचा माणूस धरतात, काही प्रशासनात टाकतात. प्रशासनात टाकला तर बेरीज २,५२,००० होते, मर्यादेच्या दुपटीहून जास्त. आकडा तोच, व्याख्या बदलली. सूचनांत व्याख्या नसेल तर निधीदात्याला लेखी विचारावं. हा फोनवर विचारायचा प्रश्न नाही. (सीएसआर नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा इथे पुष्कळ जण चिकटवतात. ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही.)

एक वाक्य मात्र तिन्ही कागद समोर असल्याशिवाय खटकणारच नाही. मसुद्याच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं, “प्रकल्प संपल्यावर यंत्रं महिलांना वैयक्तिक वाटप करण्यात येतील.” वाचायला छान. पण २०२१ च्या सुधारित सीएसआर नियमांनुसार या पैशातून घेतलेली भांडवली मालमत्ता सीएसआर नोंदणी असलेली धर्मादाय संस्था, लाभार्थ्यांचे बचत गट वा समूह, किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याकडेच ठेवता येते. सुटी सुटी वाटून चालत नाही. चाळीस जणींचे चार बचत गट करून यंत्रं गटांच्या नावावर करायची, देखभालीचं रजिस्टर गटाकडे ठेवायचं, असं लिहिलं तर तेच वाक्य टिकाऊपणाच्या गुणांसाठीही कामाला येतं.

मग आधी काय पाठवावं

हातात एकच दिवस असेल तर सूचना आणि अंदाजपत्रक ही जोडी पाठवा, मसुदा अर्धवट असला तरी चालेल. वरच्या उदाहरणातल्या मोठ्या चुका, यंत्रांची मर्यादा, वाट्याचं स्वरूप, समन्वयकाची व्याख्या, या दोन कागदांतूनच निघतात. मसुदा आधी घासूनपुसून घेतला आणि मग यंत्रं कमी झाली, तर निम्मं लेखन पुन्हा करावं लागतं. अपवाद एकच: अर्जाचा पहिला टप्पा दोन पानांच्या संकल्पनापत्राचा असेल आणि तिथे फक्त एकूण रक्कम विचारली असेल, तर सूचनांसोबत मसुदा पाठवा.

पूर्ण अंदाजपत्रक बाहेर द्यायची संस्थेची तयारी नसते, पगारांमुळे विशेषतः. नावं काढून पदं ठेवा, पण दर, संख्या आणि महिने काढू नका. नुसती ‘मनुष्यबळ: ४,५६,०००’ अशी ओळ पाहून तपासणारा काहीही सांगू शकत नाही. अंदाजपत्रक एक्सेलमध्येच द्या, सूत्रांसकट. पीडीएफमध्ये बेरीज हाताने टंकलेली आहे की खरोखर केलेली, ते कळत नाही. मसुदा वर्डमध्ये. आणि निरोपात “कसा वाटतो” ऐवजी नेमकं विचारा: “सर, समन्वयकाला कार्यक्रम खर्चात धरलंय, सूचनांच्या पान ७ प्रमाणे ते बसतं का? आणि संस्थेच्या वाट्यातली चार यंत्रं वस्तुरूप धरली जातील का?” अशा निरोपाचं उत्तर त्याच संध्याकाळी येऊ शकतं.

तपासणाऱ्याच्या बाजूनेही एक पथ्य. सूचना नसताना मत मागितलं, तर मत देऊ नये. “सूचनांची पूर्ण प्रत आणि एक्सेल पाठवा, मग बोलू” एवढंच लिहावं. गोड सल्ला दिला की संस्थेतल्या ताई-दादांना वाटतं प्रस्ताव तपासून झाला, आणि मग शेवटच्या तारखेआधी तो कुणीच तपासत नाही.